स्टेजवरचं नाव: एकदा ऐकलं की टाइप करता यायला हवं

व्हिडिओत आपण स्टेज नेमबद्दल बोललो होतो. वेळेअभावी तिथे उदाहरण पूर्ण सोडवता आलं नाही, ते या लेखात नीट सोडवूया. कॉलेजमध्ये गाणारी मुलं आणि ओपन माइकला पाच मिनिटांचा सेट करणारी मुलं, दोघांसाठीही हे आहे. पहिलं पेमेंट मिळालं त्या दिवशी तुम्ही छोटे व्यावसायिक झालात, आणि तुमच्या दुकानाची पाटी म्हणजे तुमचं नाव.

एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. कॅफेत शंभर माणसं आहेत. तुमचा नंबर सातवा. होस्ट मोबाइलवरची यादी बघत तुमचं नाव घेतो, टाळ्या वाजतात, तुम्ही जाम हसवता किंवा मस्त गाता. शो सुटल्यावर तिसऱ्या रांगेतली एक मुलगी रिक्षात बसून फोन काढते. तिला तुम्ही आवडलात. तिच्या धाकट्या भावाचं पुढच्या महिन्यात लग्न आहे आणि संगीतला कोणीतरी हवंय. ती तुमचं नाव टाइप करते. समोर भलतीच माणसं येतात. ती दुसरं स्पेलिंग करून बघते. पुन्हा तेच. मग रिक्षा सिग्नलला थांबते, कोणाचा तरी फोन येतो आणि विषय संपतो.

तुमची कला कमी पडली नाही. तुमची पाटी वाचता आली नाही.

नाव तीन वेळा हात बदलतं

ही गोष्ट आधी समजून घ्या, बाकी सगळं यावरच उभं आहे. तुमच्याकडून ग्राहकापर्यंत जाताना नाव तीन वेळा हात बदलतं.

पहिल्यांदा यादीतून होस्टच्या तोंडात. यादी बहुतेक वेळा रोमन लिपीत असते, आणि होस्ट मराठी असेलच असं नाही. दुसऱ्यांदा होस्टच्या तोंडातून प्रेक्षकाच्या कानात. इथे टाळ्या, स्पीकरचा घरघराट, शेजारच्याच्या गप्पा हे सगळं मध्ये असतं. तिसऱ्यांदा कानातून बोटात, म्हणजे ऐकलेलं नाव रोमन अक्षरांत टाइप करताना.

नाव सुचतं तेव्हा बहुतेक जण फक्त "ऐकायला भारी वाटतं का" एवढंच बघतात. म्हणजे मधली एकच पायरी तपासतात. प्रत्यक्षात नाव पडतं ते पहिल्या नाहीतर तिसऱ्या पायरीवर.

मराठी नाव रोमनमध्ये कुठे फुटतं

आपली देवनागरी जसं बोलतो तसं लिहिते, रोमन तसं करत नाही. त्यामुळे मराठी नावं ठरावीक चार ठिकाणी फुटतात. ही ठिकाणं माहीत असली की नाव बघताक्षणी अंदाज येतो.

पहिलं ठिकाण म्हणजे ज्ञ, ऋ, क्ष अशी अक्षरं. ज्ञानेश्वरी हे नाव मराठी माणूस `Dnyaneshwari` लिहितो, हिंदी भाषक `Gyaneshwari` लिहितो. ऋषिकेशचं तर विचारूच नका. `Rushikesh`, `Rishikesh`, `Hrishikesh`, तिन्ही लिहिणारे तितक्याच खात्रीने लिहितात.

दुसरं ठिकाण म्हणजे मधला न ऐकू येणारा अ. केतकी म्हणताना आपण "केत्की" म्हणतो. मग कोणी `Ketki` लिहितं, कोणी `Ketaki`. मोगराचं `Mogra` आणि `Mogara` तसंच.

तिसरं ठिकाण म्हणजे लांब स्वर आणि व. मीराचं `Mira` की `Meera`? रेवाचं `Reva` की `Rewa`?

चौथं ठिकाण उलट्या दिशेचं आहे, वाचतानाचं. रोमनमध्ये द आणि ड दोघांनाही `d`, त आणि ट दोघांनाही `t`, ळ आणि ल दोघांनाही `l`. शिवाय `a` म्हणजे अ की आ, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. म्हणून रमा हे साधं नाव यादीत `Rama` असं दिसतं आणि होस्ट "रामा" म्हणून हाक मारतो.

आता एक नाव सोडवू

समजा, नाशिकची एक मुलगी पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाट्यगीतं आणि जुनी भावगीतं स्वतःच्या ढंगात गिटारवर गाते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाव झालंय, आता कॅफेत आणि घरगुती मैफलींना बोलावणं येतंय. तिचं नाव ऋतुजा क्षीरसागर.

पहिलं काम: हे नाव किती प्रकारांनी टाइप होईल ते लिहून काढायचं. पहिल्या नावाचे `Rutuja`, `Rituja`, `Hrutuja`, `Ruthuja` असे चार. आडनावाचे `Kshirsagar`, `Ksheersagar`, `Kshirasagar`, `Shirsagar` असे चार. चार गुणिले चार, सोळा जोड्या. त्यातली एकच तिच्या खात्याची आहे. रिक्षातली ती मुलगी जास्तीत जास्त दोनदा प्रयत्न करणार आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरं काम: पर्याय मांडायचे. तिने चार मांडले असं धरू.

पर्याय एक, नुसतं "ऋतू". छोटं आहे, गोड आहे. पण मराठी माणूस `Rutu` लिहिणार आणि बाकीचे "रितू" ऐकून `Ritu`. शिवाय रितू नावाच्या मुली देशभर आहेत. गर्दीत हरवणार.

पर्याय दोन, घरचं लाडाचं नाव "चिमणी". मराठी घरात एकदम हिट. पण मधला अ इथे आहेच, `Chimni` की `Chimani`? आणि हिंदी कानाला ती चिमणी पक्षी न राहता धुराची चिमणी होते. गंभीर मैफलीला तर हे नाव छापतानाच आयोजक विचार करेल.

पर्याय तीन, आजीचं नाव "गोदा". इथे जरा थांबा. कानातून बोटात जाताना हे नाव फार सोपं आहे. ऐकणारा `Goda` हेच लिहिणार, दुसरं काही सुचणंच कठीण. पण उलट्या दिशेने बघा. यादीत `Goda` वाचून मराठी होस्टसुद्धा "गोडा" म्हणू शकतो, आणि शोधायला गेलात तर समोर गोडा मसाला! नाव चांगलं, पण एकट्याने उभं राहत नाही.

पर्याय चार, "गोदा सागर". आजीचं नाव आणि आडनावातला शेवटचा तुकडा. क्षीरसागरमधला अडचणीचा भाग फक्त "क्षीर" होता, तो काढला. `Sagar` हे स्पेलिंग देशात कोणालाही शिकवावं लागत नाही. नदी आणि समुद्र अशी जोडी जुळल्यामुळे नाव डोक्यात चित्र होऊन बसतं. आणि ती नाशिकची, म्हणजे गोदाकाठची. स्टेजवर स्वतःबद्दल एक वाक्य बोलायला कारणही मिळालं.

आडनावाचा तुकडा घेण्याची ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतली लेखिका-अभिनेत्री मिंडी केलिंग हिचं मूळ आडनाव चोकलिंगम. स्टँड-अप करत असताना निवेदकांना ते नीट घेता येत नसे, म्हणून तिने त्यातला "कलिंग" एवढाच भाग, `Kaling`, ठेवला. नाव सोपं झालं आणि घरचा धागाही तुटला नाही. आणि आपल्या पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकलेला फारुख बुलसारा? मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले, पुढे त्याने मर्क्युरी जोडलं. फ्रेडी मर्क्युरी.

चाचणी: दहा माणसं आणि एक व्हॉइस नोट

नाव चांगलं आहे असं आपल्याला वाटणं हा पुरावा नाही. चाचणी घ्या. खर्च शून्य, वेळ दोन दिवस.

दहा माणसं निवडा. जवळचे मित्र नकोत, त्यांना तुमचं स्पेलिंग आधीच पाठ असतं. त्यात किमान तीन जण मराठी नसलेले आणि दोन जण चाळिशीच्या पुढचे हवेत. कारण लग्नाच्या संगीतचं बुकिंग बहुधा मावशी किंवा काका करतात, तुमचा वर्गमित्र नाही.

एका मित्राकडून व्हॉइस नोट रेकॉर्ड करून घ्या: "आणि आता येतेय... गोदा सागर!" मागे टाळ्या किंवा कँटीनचा आवाज असू द्या. शांत खोलीतली नोट फसवते. ही नोट पाठवा आणि एवढंच सांगा: "हे नाव शोधायचं असेल तर तू काय टाइप करशील, ते तसंच मला पाठव." नाव कुठेही लिहून पाठवायचं नाही. तुमच्या प्रोफाइलवर आधीच नवं नाव टाकलं असेल तर चाचणी वाया गेली.

माझा स्वतःचा नियम असा आहे: दहापैकी आठ उत्तरं अगदी सारखी आली तर नाव पुढे न्यायचं. सहा-सात आली तर कुठलं अक्षर फुटतंय ते बघून एक दुरुस्ती करायची आणि नवीन दहा जणांना विचारायचं. पाच किंवा कमी आली तर नाव सोडून द्यायचं, ते कितीही आवडलेलं असो.

दुसऱ्या दिवशी त्याच दहा जणांना फक्त एक प्रश्न: "काल एक नाव ऐकवलं होतं, आठवतंय का?" ही झाली लक्षात राहण्याची चाचणी. इथे निम्म्या लोकांना आठवलं तरी माझ्या मते चांगलं आहे. शोमध्ये तुमचं गाणं आणि चेहरा जोडीला असतो, इथे नुसतं नाव होतं.

तिसरी चाचणी उलटी. नव्या पाच जणांना रोमनमध्ये नाव दाखवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. समजा आपल्या ऋतुजाच्या चाचणीत लिहिणाऱ्यांपैकी नऊ जणांनी `Goda Sagar` लिहिलं, पण वाचणाऱ्या पाचांपैकी दोघांनी "गोडा सागर" म्हटलं. मग नाव टाकायचं का? नाही. कारण वाचणाऱ्याला तुम्ही आधी भेटू शकता, टाइप करणाऱ्याला भेटू शकत नाही. होस्ट एकच असतो. यादीत नाव देताना दोन्ही लिपींत द्या: "गोदा सागर (`Goda Sagar`), गोदावरीतला गोदा". आणि स्टेजच्या मागे जाऊन एकदा त्याच्याकडून म्हणून घ्या. लाजू नका, चांगल्या होस्टला हे आवडतं.

फार सोपं नावही अडचणीचं

इथे बरेच जण उलट टोकाला जातात. स्पेलिंग सोपं हवं ना, मग घ्या "रूह", "सूर", "धून", नाहीतर इंग्रजीतला एखादा रोजचा शब्द. स्पेलिंग येईल, पण तुम्ही सापडणार नाही. कारण तो शब्द आधीच हजारो ठिकाणी वापरात आहे.

मुंबईचा रॅपर डिव्हाइन बघा, मूळ नाव विवियन फर्नांडिस. आज नाव मोठं आहे, पण इन्स्टाग्रामवर तो `vivianakadivine` या हँडलने आहे, म्हणजे "विवियन ऊर्फ डिव्हाइन". नुसत्या एका रोजच्या शब्दाला आपलं खरं नाव जोडलं की तो शब्द आपला होतो. साध्या शब्दाच्या प्रेमात असाल तर हा मार्ग तुम्हालाही मोकळा आहे: शब्द अधिक स्वतःचं नाव.

गाणाऱ्यांसाठी इथे आणखी एक खड्डा आहे. गाण्यांच्या ॲपवर तुमच्याच नावाचा दुसरा कलाकार असेल, तर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसू शकतं, त्याचं तुमच्या पानावर. मग वितरकाला मेल करत बसा. म्हणून पहिलं गाणं टाकायच्या आधी त्या ॲप्सवर नाव शोधून घ्या.

दुसरी उडी म्हणजे स्पेलिंगमध्ये कारागिरी. एक जादा `a`, दोन `e`, मध्ये डॉलरचं चिन्ह, किंवा अंकशास्त्रवाल्यांनी सांगितलेलं अक्षर. रितेश देशमुख `Riteish` लिहितात, अजय देवगण `Devgn` लिहितात, त्यांचं काही अडत नाही. कारण ती नावं आधीच घराघरांत आहेत, स्पेलिंग चुकलं तरी सर्च त्यांच्यापर्यंतच नेतो. नवख्या कलाकाराला ही सोय नसते. जादा अक्षर लावायचंच असेल तर खुशाल लावा, पण मग दर शोला स्टेजवरून स्पेलिंग सांगण्यात दहा सेकंद घालवावी लागतील, हा हिशेब मांडून लावा.

स्टँड-अपवाल्यांनो, तुमच्यासाठी खास. फक्त लिहिल्यावर कळणारी कोटी नावात ठेवू नका. होस्ट ते नाव बोलणार आहे, तिथे कोटी ऐकूच येणार नाही. आणि शिवी किंवा द्वयर्थी नाव कॉलेजात टाळ्या घेतं, पण कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाचं पोस्टर बनवताना एच.आर. ते छापत नाही. पैसे देणारे शो तिथेच असतात.

नाव ठरलं की त्याच दिवशी चार कामं

एक, सगळीकडे सारखं हँडल घ्या. इन्स्टाग्रामचं युजरनेम 30 अक्षरांपर्यंत आणि रोमनमध्येच असतं. `godasagar` मिळालं नाही तर मध्ये टिंबं, अंडरस्कोअर, जन्मसाल असं टाकत बसू नका. ऐकून कोणी टिंब टाइप करत नाही. त्याऐवजी शेवटी एखादा कळणारा शब्द लावा, `godasagarmusic` असा. आणि यूट्यूबवरही तोच ठेवा, तिथलं अजून मोकळं असलं तरी.

दोन, युजरनेमच्या वरती दिसणारं जे नाव असतं, तिथे देवनागरीही चालतं. तिथे "गोदा सागर | Goda Sagar" असं दोन्ही लिहा. जुन्या नावाने शोधणाऱ्यांसाठी काही महिने बायोमध्ये "ऋतुजा क्षीरसागर" राहू द्या.

तीन, नाव दुसऱ्याचं नाही ना ते बघा. सरकारी ट्रेडमार्क साइटवर कोणालाही फुकट शोधता येतं. मनोरंजनासाठी वर्ग 41 बघायचा. पहिल्या दिवशी नोंदणी करायलाच हवी असं नाही. दरमहा कामं येऊ लागली की विचार करा. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे, वकिलाची फी वेगळी.

चार, पैशाच्या कागदावर खरं नाव. हे विसरतात आणि अडकतात. बिल पॅन कार्डावरच्या नावाने करा, खाली "ऊर्फ गोदा सागर" लिहा. यूपीआयवर पैसे पाठवणाऱ्याला बँकेतलं नाव दिसतं. आयोजकाला आधी सांगितलं नसेल तर तो "ही ऋतुजा कोण?" म्हणून पेमेंट थांबवतो. बुकिंगच्या पहिल्याच मेसेजमध्ये एक ओळ टाका: "पेमेंट ऋतुजा क्षीरसागर या नावाने येईल."

आणि कधी बदलू नये

दोन वेळा थांबा. पहिली, जेव्हा तुमच्या नावावर आधीच कामं येतात. गेल्या दहा चौकश्यांमध्ये लोकांनी तुम्हाला कसं शोधलं ते मोजा. निम्म्याहून जास्त जणांनी नाव शोधून गाठलं असेल तर नाव काम करतंय, स्पेलिंग कितीही अवघड असो. मग नाव न बदलता दुकानाचा रस्ता सोपा करा: शो संपताना हातात क्यूआर कोडचं कार्ड धरा, काम झालं.

दुसरी, जेव्हा बदलण्याचं कारण स्पेलिंग नसून लाज असते. "आडनाव गावंढळ वाटतं", "आडनावावरून जात कळते", असं कोणीतरी बोललं म्हणून नाव बदलू नका. आडनाव काढायचं की ठेवायचं हा तुमचा हक्क आहे, दुसऱ्याच्या टोमण्याने तो ठरू नये. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाली कुमार गंधर्व झाले ते लहानपणीच गाण्यामुळे मिळालेल्या कौतुकाच्या नावाने. नाव चिकटतं ते असं. वर सांगितलेल्या चाचणीत तुमचं खरं नाव दहापैकी आठ आणत असेल, तर तेच तुमचं स्टेजवरचं नाव. काही करू नका.

आजचा होमवर्क छोटा आहे. तुमचं सध्याचं नाव किती प्रकारांनी टाइप होतं ते कागदावर लिहा. आकडा तीनच्या वर गेला, तर आज रात्रीच व्हॉइस नोट रेकॉर्ड करा आणि दहा जणांना पाठवा. उत्तरं आली की पुढच्या शोच्या यादीत कुठलं नाव द्यायचं ते तुम्हालाच कळेल. भेटू पुढच्या व्हिडिओत!